वारीची वही



या पानावर तुम्ही माझ्याकडून हुमणीचा बंदोबस्त, बीजप्रक्रिया नाही तर माती परीक्षण असंच काही वाचत आलात. आजचं पान जरा वेगळं आहे. त्याला कारण एका वाचक भगिनीचं पत्र. सासूबाईंचा हात धरून ती यंदा पहिल्यांदा पंढरीची वारी चालली. मुलाबाळांसाठी लिहून ठेवावं म्हणून परत आल्यावर वही घेऊन बसली. पण लिहायला घेतलं की पूर्वी कुठंतरी वाचलेलीच वाक्यं उतरतात, असं ती म्हणते. पुढं तिनं लिहिलंय, "साहेब, खरं सांगायचं तर मला बराच वेळ नुसता कंटाळा आला. पाय दुखले. दोनदा वाटलं, कशाला आलो? हे लिहिलं तर पाप लागेल का? आणि नाही लिहिलं तर मग लिहायचं तरी काय?"

पापाचं मला कळत नाही. लिहिण्याचं मात्र थोडं कळतं, कारण खोटं कसं लिहितात हे मी तीस वर्षं जवळून पाहिलं आहे, आणि स्वतःही लिहिलं आहे. आमच्या खात्यात दौऱ्याची डायरी भरावी लागते. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, 'पीक परिस्थिती समाधानकारक'. शेताच्या बांधावर न उतरता, जीपमध्ये बसूनसुद्धा ते लिहिता येतं. ज्या दिवशी मी खरोखर शेतात उतरलो, त्या दिवशीची नोंद वेगळी असते. 'पश्चिमेकडच्या सहा ओळी पिवळ्या. मुळाशी उकरलं, अळी सापडली.' आता तुम्हीच सांगा, कुठली नोंद शेतात गेलेल्या माणसाची?

वारीच्या वहीलाही मी हीच परीक्षा लावतो. लिहिलेलं वाक्य घरी बसून, न जाता लिहिता आलं असतं का? 'वातावरण भक्तिमय झालं होतं', 'भान हरपलं', 'डोळ्यांचं पारणं फिटलं' ही सगळी वाक्यं घरी बसून लिहिता येतात. ती खोटी असतातच असं नाही. पण ती तुमची नसतात. त्यावरून तुम्ही गेला होतात एवढंही कळत नाही.

मी वारी चाललो ती २०२२ साली. त्याआधी २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं कोरोनामुळे पायी वारी झाली नव्हती, पादुका एसटीनं गेल्या. माझी आई जुनी वारकरी. तिचे गुडघे त्या दोन वर्षांत गेले. ती म्हणाली, "दोन वारी सरकारानं चुकवल्या. तिसरी माझ्या गुडघ्यांनी चुकवायची न्हाई. तू जा." खरिपाच्या तोंडावर कृषी विस्तार अधिकाऱ्यानं अर्जित रजा मागणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण मिळाली. म्हणजे मी गेलो ते श्रद्धेनं नव्हे, आईनं सांगितलं म्हणून. हेच मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि तिथूनच लिहिणं सोपं झालं. का गेलो ते आधी खरं लिहून टाकलं की पुढं सोंग घ्यावं लागत नाही.

वही कशी ठेवावी ते आधी सांगतो. खिशात मावेल अशी लहान घ्यावी आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी. पेनाऐवजी शिसपेन्सिल घ्यावी. आषाढाच्या पावसात शाई पसरते, शिसपेन्सिलीचं अक्षर ओल्या कागदावरही टिकतं. लिहायचं फक्त डाव्या पानावर. समोरचं उजवं पान कोरं सोडायचं. ते कशासाठी, ते पुढं येईल. दिवसातून दोनदा लिहावं. एकदा दुपारच्या विसाव्याला, एकदा मुक्कामी राहुटीत पडण्याआधी. प्रत्येक वेळी चार-पाच ओळी बस्स. किती वाजले, कुठं आहोत, अंगाला काय वाटतंय, डोळ्यांसमोर काय आहे आणि कोण काय बोललं, ते त्याच्याच शब्दांत. मनाला काय वाटलं ते शेवटी, आणि वाटलं असेल तरच.

हल्ली फोन असतो, मग वही कशाला, असं कोणी म्हणेल. फोटोत समोरचं दिसतं. आपण फोटो काढत होतो तेव्हा टाच फुटली होती आणि मागच्या माणसाचा राग आला होता, हे फोटोत येत नाही.

आता कंटाळ्याचं. वारीला न गेलेल्या माणसाला वाटतं की वारी म्हणजे चालणं. गेलेल्याला ठाऊक असतं की वारी म्हणजे अर्धं थांबणं. पुढं दिंड्या, मागं दिंड्या, मध्ये माउलींचा रथ. पुढं कुठं अडलं की मागचे सगळे उभे. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, ३० किलोमीटरच्या आसपास, वर दिवेघाट. त्या वर्षी तो दिवस एकादशीचा होता, म्हणून पोटात साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी. दिवेघाटाचं वर्णन तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. पताकांची रांग, वळणावळणाचा घाट आणि त्यात टाळांचा गजर. माझ्या वहीत त्या दिवशी काय आहे ते जसंच्या तसं देतो.

'घाटाच्या पायथ्याशी पाऊण तास उभे. ऊन. पुढच्या माउलींच्या सदऱ्यावर पाठीत घामाचा डाग, आधी पपईएवढा होता, आता शर्टभर. अभंग तोच चौथ्यांदा. ओठ हलताहेत, डोक्यात युरियाच्या आवंटनाचा हिशेब. डाव्या टाचेला फोड. पाणी कोमट.'

यात घाट नाहीच. पण तीन वर्षांनी आज ही नोंद वाचली की तो पाऊण तास अंगाला परत लागतो. कंटाळा लिहायचा तर 'कंटाळा आला' एवढं लिहून भागत नाही. तो मोजून लिहावा. किती वेळ गेला, त्या वेळात डोळे कशाकडे लागले होते, मन कुठं पळत होतं. कंटाळलेला माणूस बारकाईनं पाहतो, कारण दुसरं काही करायला नसतं. सदऱ्यावरचा तो डाग मी कंटाळलो नसतो तर मला दिसलाच नसता. आणि एक ध्यानात ठेवा, कंटाळा वहीतून काढून टाकला तर वारीचा अर्धा वेळ काढून टाकल्यासारखं होतं. उरलेलं वाचणाऱ्याला मग वाटतं, आपल्यालाच कंटाळा आला, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे. त्या भगिनीला तसंच वाटलं ना?

शंका लिहिणं याहून अवघड. त्या वर्षी जून कोरडा गेला. लोणंदच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिरायत रानं नांगरून, कुळवून पडलेली, पेरणी नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं मीच आठवड्यापूर्वी गावोगाव सांगून आलो होतो. आमच्या दिंडीत माझ्या ओळीला चालणारा एक शेतकरी होता. चार एकर बाजरीचं रान भावावर टाकून आलेला. त्याच्याबरोबर चालताना मी वहीत लिहिलं, 'पाऊस ढगानं येतो. हा माणूस रान सोडून इथं का? मी इथं का? आपण सगळे मिळून चाललो म्हणून एक थेंब तरी जास्त पडणार आहे का?'

हे मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "साहेब, पाऊस नसताना घरी बसून काय करायचं? वर बघत बसायचं. इथं निदान पुढं तरी बघतो." मला ते उत्तर पटलं असं नाही. पण मी ते लिहून घेतलं आणि माझा प्रश्नही तसाच ठेवला. आपली चूक इथं होते. घरी आल्यावर वारीची हकिगत लिहिताना आपण शंका मांडतो, आणि पुढच्याच ओळीत 'पण पंढरीच्या पायरीवर माथा टेकला आणि सगळ्या शंका फिटल्या' असं लिहून मोकळे होतो. मोकळं होण्याआधी वही उघडून पाहावी. शंका खरंच फिटली का? फिटली तर कुठल्या दिवशी, कशानं? तशी नोंद नसेल तर ती फिटलेली नाही, तुम्ही ती झाकली आहे. न फिटलेली शंका तशीच लिहावी. त्या जुलैत पुढं पाऊस चांगला झाला. पण त्याचा आणि आमच्या चालण्याचा संबंध मी जोडला नाही, तोडलाही नाही. वहीत नुसतं लिहिलं, 'नातेपुते, रात्री पाऊस. राहुटीत पाणी.'

याच्या उलटीही एक चूक आहे, आणि ती आम्हा शिकलेल्यांची. भक्तीचं सोंग नको म्हणता म्हणता आपण शंकेचं सोंग घेतो. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना सरतात, मधून आधी स्वाराचा घोडा आणि मग माउलींचा मोकळा घोडा धावतो. मला काय दिसलं? पुढच्यांच्या टोप्या, वर केलेले फोन आणि धूळ. घोडा गेला हे आरोळीवरून कळलं. तासभर उन्हात उभं राहून घोड्याची शेपटीही दिसली नाही. मी चिडून वहीत लिहिलं, 'घोडा जाताच लोक खुरांखालची माती कपाळाला लावायला धावले.' वाक्य खरं आहे. वाचणाऱ्याला त्यात लोकांचा भोळेपणा आणि लिहिणाऱ्याचा शहाणपणा दिसतो, आणि तेच मला हवं होतं.

त्या रात्री तोंड धुताना कपाळावरची माती हाताला आली. म्हणजे त्या लोकांत मीही होतो. वाकलो होतो, माती घेतली होती, लावली होती, आणि लिहिताना स्वतःला त्यातून वगळलं होतं. हे मी समोरच्या उजव्या पानावर लिहिलं. उजवं पान कोरं ठेवायचं ते यासाठी. वाटेवर लिहिलेलं खोडू नये. ते त्या वेळचं आहे. नंतर जे उमगेल ते तारीख टाकून समोर लिहावं. खाडाखोड केली की सातबाऱ्यावर जसा संशय येतो तसा आपल्याच वहीवर येतो.

आता त्याच दिवसाची संध्याकाळ. मुक्काम तरडगावला. सगळ्या वारीत मला आतून हलवलं ते इथं, आणि त्याची मी मुळीच वाट पाहत नव्हतो. मला फक्त पाठ टेकायची होती.

समाज आरती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुक्कामाच्या माळावर पालखी येते, भोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, सगळ्यांचे टाळ चालू. चोपदार आपला चोप उंच करतो, आणि तो हजारोंचा गजर एका क्षणात थांबतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. पिशवी, काठी, कधी माणूस. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा माळ गप्प, आणि एका कोपऱ्यातून टाळ वाजतच राहतात. मग चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकून घेतो. त्याशिवाय ते टाळ थांबत नाहीत आणि आरतीही होत नाही.

त्या संध्याकाळी असं झालं. चोप वर गेला, सगळे थांबले, आणि माझ्या उजव्या हाताला, लांबवर, एकच दिंडी वाजवत राहिली. वीस-पंचवीस टाळ असतील. चोपदार गर्दीतून वाट काढत निघाला. तो तिथं पोचेपर्यंत आम्ही सगळे उभे. कोणी कुरकुर केली नाही. आणि माझा गळा दाटून आला. इतका, की शेजारच्यानं विचारलं, "माउली, चक्कर येतीय का?"

राहुटीत आल्यावर मी लिहिलं, 'वारीची शिस्त पाहून ऊर भरून आला.'

लिहिलं आणि मलाच ते पटेना. शिस्त तर मी चोप वर गेल्यावर पाहिली होती. तेव्हा काहीच झालं नव्हतं. शांतता झाली तेव्हाही नाही. झालं ते एकटे टाळ वाजत राहिले तेव्हा आणि चोपदार चालू लागला तेव्हा. अशा वेळी एक करावं. भावनेला नाव देण्याची घाई करू नये. ती नेमकी कुठल्या क्षणी आली, त्याच्या लगेच आधी काय दिसलं किंवा ऐकू आलं, तेवढंच शोधावं. पिकावर रोग दिसला की आपण आधी औषधाचं नाव विचारत नाही. पहिलं पान कुठलं पिवळं पडलं ते विचारतो. तसंच हे.

मी शोधत गेलो आणि मला २०२० सालचा एक शेतकरी आठवला. त्या खरिपात सोयाबीनचं बियाणं न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर होत्या, तुम्हालाही आठवत असतील. हा शेतकरी पेरणीनंतर आठव्या दिवशी माझ्याकडे आला. पिशवी, तिचं लेबल, पावती, सगळं नीट जपून आणलेलं. उगवण नाही म्हणाला. अशा वेळी रान मोडण्याआधी, दुबार पेरणी करण्याआधी पाहणी होऊन पंचनामा व्हावा लागतो. समितीनं शेतात जाऊन ओळीतली रोपं मोजली तर तक्रारीला अर्थ. माझ्या टेबलावर तशा पुष्कळ तक्रारी होत्या. मी म्हणालो, सोमवारी बघू. सोमवारी तो आला, मी दुसऱ्या गावाला होतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा वाफसा निघून चालला होता. चार दिवस वाट पाहून त्यानं रान मोडलं आणि उसनवारीनं बियाणं आणून दुबार पेरलं. पाहणी करायला शेतात काही उरलंच नाही. नियमाप्रमाणे माझी चूक कुठंच निघाली नाही.

तो माणूस तीन वेळा टाळ वाजवत आला होता आणि मी चालत गेलो नव्हतो. तरडगावच्या माळावर जे दाटून आलं ते हे होतं. त्यात विठ्ठल होता का? मला ठाऊक नाही. 'ऊर भरून आला' या वाक्यात अभिमान आहे, आणि मला आलेली होती शरम. उजव्या पानावर मी त्या शेतकऱ्याची हकिगत लिहिली, दीड पान झाली. वहीतली सगळ्यांत लांब नोंद तीच आहे. पाहा, एक शब्द खोटा पडला असता तर दीड पान कधी लिहिलंच गेलं नसतं.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. फलटणच्या पुढं मला लिहिण्याची चटकच लागली. कोणी बोललं की वही काढायची. दिंडीचे वीणेकरी वयस्कर होते, शेवटी तेच म्हणाले, "माउली, वही ठेवा खिशात. तुमचा टाळ मागं पडतोय." खरंच पडत होता. लिहिण्यासाठी पाहायला लागलो की पाहणंही बिघडतं. पुढचे दोन दिवस मी फक्त रात्रीच लिहिलं. आणि दुसऱ्यांचं दुःख आपल्या वहीत आलं तरी ते छापायला देऊ नये. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या एका बाईनं ती का चालते ते मला सांगितलं होतं. ते माझ्या वहीत आहे, आणि तिथंच राहील.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी सतरा तास होतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसून, उभं राहून, पुढच्याच्या पाठीला डोकं टेकून. रांगेतल्या नोंदी मी इथं देत नाही, त्या दिवेघाटासारख्याच आहेत, फक्त जास्त. गाभाऱ्यात पोचलो. पायांवर डोकं ठेवलं न ठेवलं तोच मागून पाठीवर हात पडला आणि मी बाहेर होतो. वहीत लिहिलं आहे, 'दगड गार. ओल्या तुळशीचा वास. पाठीवर हात. काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर चहा घेतला.'

घरी आलो. आई ओसरीवर वाट पाहतच होती. पायांवर पाणी घातलं, बुक्का मागून घेतला आणि विचारलं, "त्याच्या पायांवर डोकं ठेवलंस तवा काय वाटलं रं?"

मी म्हणालो, "आई, डोळ्यांतून पाणी थांबेना."

वहीत एक शब्द खोटा ठेवला नव्हता, आणि तोंडानं असं बोललो. तिला बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. ती ते शेजारणींना सांगू लागली. माझा लेक, बीएस्सी झालेला, देवापुढं रडला. प्रत्येक वेळी मी ऐकायचो आणि आत जायचो. हे चार महिने चाललं. कार्तिकीच्या सुमारास, एका दुपारी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती, तेव्हा मी वही आणली आणि म्हणालो, "आई, वारीचं लिहिलेलं वाचून दाखवतो." पहिल्या पानापासून वाचलं. आईनं सांगितलं म्हणून गेलो, इथपासून. दिवेघाटाच्या पाऊण तासाला ती हसली. म्हणाली, "तिथं माझी चप्पल तुटली हुती एका साली. घाट काय बघितलाच न्हाई." कपाळाच्या मातीवर काही बोलली नाही. गाभाऱ्याचं पान आलं तेव्हा मी थांबलो. मग वाचलं. 'काही वाटलं नाही.'

तिचे हात चालूच होते. जरा वेळानं म्हणाली, "मला तरी दर साली कुठं वाटतं? एका साली नुसतं वाटलं, आता बाहेर जाऊन बसावं." मग टरफलं बाजूला सारत तिनं विचारलं, "त्या तरडगावच्या दिंडीची तक्रार काय हुती?"

मी वही उलटीसुलटी करून पाहिली. डावी पानं पाहिली, उजवी पाहिली. माझं दीड पान होतं, माझा शेतकरी होता, माझी शरम होती. त्या दिंडीला काय पाहिजे होतं ते मी लिहिलं नव्हतं. चोपदार तिथं पोचला, टाळ थांबले, आणि आरती सुरू झाली, एवढंच होतं.

"इचारायचं हुतंस की," आई म्हणाली.